उत्तर उतरंडीच्या टोकाला

आपल्यापैकी बहुतेकींच्या गटाचं कुठल्या ना कुठल्या साहेबांशी काम पडतं. बँकेचे शाखा व्यवस्थापक असतील, दूध संघाचे असतील, पंचायत समितीतले असतील. आपण नोंदवही ठेवतो, चार घरं फिरून माहिती गोळा करतो, हिशेब मांडतो आणि मग दोन पानी अर्ज लिहितो. साहेब पहिल्या पाच-सहा ओळी वाचतात, कोपऱ्यात 'पाहणी करावी' असं लिहितात आणि कागद फाइलीत जातो. माहिती खरी होती, मेहनतही झाली होती, पण सांगायचं होतं ते दुसऱ्या पानाच्या तळाशी राहिलं. आज मी बोलणार आहे ते एवढ्याबद्दलच. शोधून काढलेली गोष्ट कागदावर कुठल्या क्रमानं मांडायची?

या मांडणीची एक पद्धत आहे, तिला पिरॅमिडची पद्धत म्हणतात. ती बसवली बार्बरा मिंटो या अमेरिकन बाईंनी. 1963 साली त्या मॅकिन्झी नावाच्या मोठ्या सल्लागार कंपनीत लागल्या. अशा कामात तेव्हा बायका जवळजवळ नव्हत्याच. पुढे कंपनीनं त्यांना लंडनला पाठवलं, तिथल्या लोकांचे अहवाल सुधारायला. बाईंच्या लक्षात आलं की भाषेची अडचण फारशी नाहीच, विचारांचा क्रम लागलेला नाही. 1973 साली त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं आणि हीच पद्धत शिकवत राहिल्या.

पिरॅमिड आपण चित्रातच पाहिलाय, म्हणून मी उतरंड म्हणते. खाली मोठी मडकी, त्यावर मधली, सगळ्यात वर एक लहान गाडगं. रचताना खालून रचतो, काढताना वरचं आधी काढतो. अर्जाचंही तसंच. विचार खालून वर करायचा, एकेका नोंदीपासून सुरुवात करून. कागदावर मात्र वरचं आधी लिहायचं. आपली गडबड अशी होते की ज्या क्रमानं आपल्याला कळलं त्याच क्रमानं आपण लिहून काढतो. शोधणारीला तो क्रम बरा वाटतो, पण वाचणाऱ्याला शेवटापर्यंत कळत नाही की हे सगळं कशासाठी चाललंय.

आता एक उदाहरण घेऊ. हे समजावण्यासाठी मी रचलंय आणि आकडे मुद्दाम सोपे ठेवलेत.

एका महिला गटाचं दूध संकलन केंद्र आहे. संध्याकाळी 200 लिटर दूध जमतं, म्हणजे 40 लिटरचे 5 कॅन. संघाचा टेम्पो साडेसातला येतो आणि कॅन शीतकरण केंद्रावर नेतो. तिथं दूध तपासतात, नासलेलं निघालं तर कॅन परत येतो आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. मार्च आणि एप्रिल मिळून 22 कॅन परत आले. लिटरला 30 रुपये धरले तर 26,400 रुपयांचं दूध गेलं. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली की कोणीतरी शिळं दूध मिसळतंय. पोटाला चिमटा बसला की संशय आधी शेजारणीवर जातो. गट फुटायची वेळ आली, तेव्हा सचिव ताईंनी ठरवलं की आधी नोंदी बघू.

त्यांनी पहिला अर्ज असा लिहिला. आमचा गट अमुक साली स्थापन झाला. आमच्या इतक्या सभासद आहेत. मार्चपासून दूध परत येऊ लागलं. आम्ही सभा घेतली. मग नोंदवही तपासली, त्यात असं दिसलं. मग घरोघरी जाऊन भांडी पाहिली, तिथं असं दिसलं. मग टेम्पोच्या चालकाशी बोललो, तो असं म्हणाला. तरी साहेबांनी योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती. आता साहेबांच्या खुर्चीत बसून हे ऐका. कार्यवाही म्हणजे नेमकं करायचं काय, हे यात कुठंच नाही.

मग काय करायचं? पहिलं काम, सापडलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. परत आलेल्या 22 कॅनपैकी 20 संध्याकाळचे, ही एक चिठ्ठी. 61 पैकी 12 संध्याकाळी टेम्पो साडेआठनंतर आला, ही दुसरी. त्या 12 संध्याकाळी 60 कॅन गेले आणि 18 परत आले. उरलेल्या 49 संध्याकाळी 245 कॅन गेले आणि फक्त 2 परत आले. सकाळी याच बायकांचं, याच कॅनमधलं दूध असतं, तरी दोन महिन्यांत सकाळचे 2 कॅनच परत आले, आणि दोन्ही वेळा झाकणाचं रबर फाटलेलं होतं. संध्याकाळी सव्वासातला केंद्रावर थोडंथोडं दूध उकळून पाहिलं, तेव्हा एकीचंही फाटलं नाही. शेजारच्या गावी, 3 किलोमीटरवर, 1000 लिटरचा बल्क कूलर आहे आणि त्यात संध्याकाळी 600 लिटरच दूध असतं. रिक्षावाला एका फेरीचे 150 रुपये मागतो. अशा पंधराएक चिठ्ठ्या झाल्या. त्या ओसरीवर पसरायच्या.

दुसरं काम, ढीग लावायचे. इथंच बहुतेकींचं चुकतं, म्हणून जरा थांबून सांगते. पहिल्यांदा हात आपोआप असे ढीग लावतो: नोंदवहीतून मिळालेलं एकीकडे, घरभेटीतून मिळालेलं दुसरीकडे, चालकानं सांगितलेलं तिसरीकडे. म्हणजे माहिती कुठून आली त्यावरून ढीग. साहेबांना त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. माहिती काय सिद्ध करते, त्यावरून ढीग लावायचा. नोंदवहीतली एक ओळ आणि घरभेटीतली एक गोष्ट मिळून एकच मुद्दा होत असेल, तर त्या दोन्ही चिठ्ठ्या एकाच ढिगात.

आपल्या उदाहरणात तीन ढीग पडले. एक, दूध कधी नासतं. दोन, दोष आमच्या दुधाचा किंवा कॅनचा आहे का. तीन, उपाय काय आणि तो परवडतो का.

ढीग बरोबर लागले की नाही, हे ओळखायचं कसं? एकच चिठ्ठी दोन ढिगांत जाते आहे असं वाटलं तर ढीग एकमेकांत घुसलेत. उदाहरणार्थ 'टेम्पो' असा एक ढीग आणि 'संध्याकाळ' असा दुसरा केला असता, तर उशिराच्या 12 संध्याकाळी कुठं ठेवायच्या हा प्रश्न पडला असता. आणि काही सुटलंय का हे बेरजेवरून कळतं. परत आलेले कॅन 22. उशिराच्या संध्याकाळचे 18, वेळेवरच्या संध्याकाळचे 2, सकाळचे 2. बेरीज 22 झाली, म्हणजे एकही कॅन हिशेबाबाहेर नाही. ती बेरीज 19 आली असती तर साहेबांनी पहिलं बोट तिथंच ठेवलं असतं, आणि ठेवायलाच हवं.

वेळेवरच्या संध्याकाळचे ते 2 कॅन का नासले, याचं कारण गटाला सापडलं नाही. मग ते तसंच लिहायचं. दोन कॅनचं कारण कळलं नाही, एवढं एक वाक्य. ते झाकलं तर बाकीच्या वीस कॅनवरचा विश्वासही डळमळतो.

काही चिठ्ठ्या कुठल्याच ढिगात बसत नाहीत. चालक उद्धट बोलतो. फॅट काढायचं मशीन जुनं झालंय. दुधाचा दर वाढायला हवा. हे सगळं खरं असेल, पण या अर्जाच्या उत्तराला त्याचा टेकू लागत नाही. ज्या ताईंनी ती चिठ्ठी लिहिली त्यांना राग येतो, वाद होतो. होऊ द्या. त्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून वेगळ्या अर्जासाठी जपून ठेवायच्या. एका अर्जात तीन मागण्या घातल्या की साहेब त्यातली सगळ्यात सोपी मान्य करतात, किंवा सगळ्यात अवघड मागणीचं कारण दाखवून सगळाच अर्ज बाजूला ठेवतात.

आता प्रत्येक ढिगावर एक वाक्य लिहायचं. वाक्य म्हणतेय मी, नाव नव्हे. 'टेम्पोच्या वेळेबद्दल' हे नाव झालं, त्यातून काहीच कळत नाही. 'टेम्पो उशिरा येतो त्याच संध्याकाळी दूध नासतं' हे वाक्य झालं. फरक कसा ओळखायचा? वाचून 'बरं, मग?' असं विचारावंसं वाटलं तर ते नाव आहे. 'असं होय? कशावरून?' असं विचारावंसं वाटलं तर ते वाक्य आहे. आपल्या ढिगांवर ही तीन वाक्यं बसली. टेम्पो उशिरा येतो त्याच संध्याकाळी दूध नासतं. केंद्रातून निघताना दूध चांगलं असतं. शेजारच्या कूलरमध्ये जागा आहे आणि खर्च नुकसानीपेक्षा कमी आहे.

या तीन वाक्यांकडे एकत्र पाहिलं की टोकावरचं गाडगं दिसतं: पाऊस लागेपर्यंत आमचं संध्याकाळचं दूध शेजारच्या गावच्या कूलरमध्ये ओतू द्या. दूध 4 अंशांपर्यंत गार झालं की त्यातल्या जिवाणूंची वाढ जवळपास थांबते, मग टेम्पो नऊला आला तरी बिघडत नाही.

एक गंमत पाहा. बायकांच्या डोक्यात आधी दुसरंच उत्तर होतं, टेम्पोचा मार्ग बदला, आमच्याकडे आधी या. चिठ्ठ्या मांडल्यावर कळलं की तो उपाय लंगडा आहे. टेम्पो आपल्याकडे आधी आला तरी पुढच्या गावाला जाऊनच शीतकरण केंद्रावर परतणार. दूध आपल्या ओट्यावर तापण्याऐवजी टेम्पोत तापलं असतं. वरचं गाडगं खालच्या मडक्यांवर नीट टेकतंय का, हे असं हलवून पाहावं लागतं. खालची तीन वाक्यं खरी असूनही वरचं वाक्य त्यांतून निघत नसेल तर ते बदलायचं.

आता लिहायची वेळ. सुरुवातीला साहेबांना आधीच माहीत असलेल्या गोष्टीची एक ओळ, आणि काय बिघडलं याची एक ओळ. या दोन ओळींत साहेब वाद घालतील असं काही नको. गटाची स्थापना, सभासदांची संख्या, मिळालेलं बक्षीस, हे सगळं शेवटी सहीच्या जवळ गेलं तरी चालतं. लगेच उत्तर. त्याखाली तीन वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याखाली त्याचे आकडे. सचिव ताईंचा दुसरा अर्ज ऐका.

'आमच्या केंद्रातून रोज संध्याकाळी 200 लिटर दूध संघाला जाते. मार्च व एप्रिलमध्ये 22 कॅन नासून परत आले व 26,400 रुपयांचे नुकसान झाले. हे थांबवण्यासाठी, पाऊस लागेपर्यंत आमचे संध्याकाळचे दूध शेजारच्या गावच्या बल्क कूलरमध्ये ओतण्यास परवानगी द्यावी. वाहतूक आम्ही करू.

टेम्पो उशिरा येतो त्याच संध्याकाळी दूध नासते. उशिराच्या 12 संध्याकाळी 60 पैकी 18 कॅन परत आले, वेळेवरच्या 49 संध्याकाळी 245 पैकी 2. या 2 कॅनचे कारण आम्हाला सापडलेले नाही.

केंद्रातून निघताना दूध चांगले असते. सव्वासातला उकळून पाहिलेले एकही दूध फाटले नाही. सकाळी त्याच सभासदांचे दूध त्याच कॅनमधून जाते, तेव्हाचे 2 कॅनच परत आले, त्यांच्या झाकणाचे रबर फाटले होते. ते बदलले आहे.

कूलरमध्ये जागा आहे व खर्च नुकसानीपेक्षा कमी आहे. 1000 लिटरच्या कूलरमध्ये संध्याकाळी 600 लिटर असते. रिक्षाचे रोज 150 रुपये, म्हणजे 61 दिवसांचे 9,150 रुपये, आमचा गट देईल. उशिराच्या संध्याकाळी परत आलेल्या 18 कॅनचेच दूध 21,600 रुपयांचे होते. दुसऱ्या गावचे दूध बिघडू नये म्हणून प्रत्येक कॅन ओतण्यापूर्वी कूलरजवळ उकळून तपासू.'

एवढंच. एका पानाच्या आत. वाचताना लक्षात आलं का, प्रत्येक वाक्य साहेबांच्या मनात एक प्रश्न उभा करतं आणि खालची ओळ त्याचं उत्तर देते? परवानगी द्या म्हटलं की साहेब विचारणार, का? दूध उशिरामुळे नासतं. कशावरून? 60 पैकी 18. तुमचंच दूध खराब नसेल कशावरून? उकळून पाहिलंय. मला खर्च किती? काही नाही. दुसऱ्यांचं दूध बिघडलं तर? ओतण्याआधी तपासू. हा शेवटचा प्रश्न पहिल्या खर्ड्यात नव्हता. गटातल्या एका काकूंना फक्त वरची मागणी वाचून दाखवली आणि विचारलं, 'तुम्ही साहेब असता तर काय विचारलं असतं?' त्यांनी पटकन विचारलं, 'दुसऱ्या गावच्या बायका गप्प बसतील का?' ही तपासणी प्रत्येक अर्जाला करा. ज्या बाईला विषय माहीत नाही तिला फक्त वरची ओळ ऐकवायची, आणि तिचे प्रश्न लिहून घ्यायचे. खालच्या ओळींत त्यांची उत्तरं नसतील तर ढीग अपुरे आहेत.

या पद्धतीची एक मर्यादाही सांगते. मांडणी सुबक झाली म्हणून गोष्ट खरी ठरत नाही. उशिराच्या संध्याकाळी दूध नासतं हे आकड्यांनी दिसलं, पण त्या 12 संध्याकाळी नेमकं ऊनही जास्त होतं का, हे पाहायला हवं होतं. गटानं पाहिलं, कडक उन्हाचे दिवस वेळेवरच्या संध्याकाळीही होतेच. ते पाहिलं नसतं तर उत्तर वर लिहिण्याआधी थांबायला हवं होतं. उत्तर अजून ठरलं नसेल तर वरच्या ओळीत तेच लिहा, की कारण शोधायला आम्हाला शीतकरण केंद्राच्या तपासणीच्या नोंदी द्या. हीही मागणीच आहे आणि साहेबांना ती लगेच पुरी करता येते.

आणि गटाच्या स्वतःच्या बैठकीत मी हा क्रम वापरणार नाही. तिथं निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचा असतो. सचिव ताईंनी बसल्या बसल्या उत्तर सांगून टाकलं तर बाकीच्या म्हणतील, ठरवूनच आलात की. तिथं नोंदवही उघडी ठेवायची, चिठ्ठ्या सगळ्यांनी मिळून लावायच्या. शेजारणीवरचा संशयही असाच जातो, आपल्या हातानं चिठ्ठी ठेवताना.

शेवटी अर्जाच्या 'विषय' या ओळीबद्दल. आपल्याकडे विषय लिहायची रीतच अशी आहे की शेवटी 'बाबत' येतं. 'दूध परत येण्याबाबत.' हे ढिगाचं नाव झालं, त्यात उत्तर नाही. 'बाबत' काढायची गरज नाही, साहेबांना त्याची सवय आहे. त्याच्या आधी उत्तर घाला: 'पाऊस लागेपर्यंत संध्याकाळचे 200 लिटर दूध शेजारच्या गावच्या कूलरमध्ये ओतण्यास परवानगी मिळणेबाबत.' साहेबांना हा कागद वरच्या कार्यालयात पाठवायचा असेल तर ते हीच ओळ उतरवून घेतील. आणि अर्जाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर फोटोखाली 'साहेब अर्ज पाठवला आहे' असं लिहू नका, तिथंही हीच ओळ लिहा. फोटो उघडायच्या आधी साहेबांच्या नजरेला तीच पडते.